आकडा मोठा म्हणून काळीज जवान होत नाही

«हृदयाचे खरे वय एचआरव्ही सांगते! आकडा जितका मोठा तितके हृदय तरुण. 100 च्या वर असेल तर ईसीजीची गरजच नाही. बायोफीडबॅक घड्याळ लावून रोज 10 मिनिटे श्वास घ्या, 21 दिवसांत बीपीची गोळी बंद. घड्याळाशिवाय केलेला प्राणायाम वाया जातो. स्ट्रेस मीटर लाल झाला तर तुमचा श्वास चुकतोय. सर्व ग्रुपवर पाठवा.»

आमच्या ग्रुपवर रोज काहीबाही येतं, मी सोडून देतो. हे सोडलं नाही, कारण यावलकडच्या माझ्या मामांनी हे वाचून गावात शिबिर लावणाऱ्याकडून घड्याळ घेतलं आणि दवाखान्याची ठरलेली फेरी रद्द केली. फोनवर म्हणाले, "घड्याय सांगस, मनं काळीज पंचवीसना पोऱ्यानं शे." मामा सत्तरीला टेकलेत. मी जळगावात एका दवाखान्यात ईसीजी काढतो, दिवसभर दुसरं काम नाही. म्हणून सुरुवात त्या ईसीजीच्या वाक्यापासूनच करतो. बाकीची वाक्यंही फसवी आहेत, पण हे वाक्य माणूस मारू शकतं.

आधी तो आकडा म्हणजे काय ते बघा. हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. मिनिटाला 72 ठोके म्हटलं तरी दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं बदलत असतं, कधी 800 मिलिसेकंद, कधी 870. या चढउताराला एचआरव्ही म्हणतात. तो मोजायच्या पद्धती बऱ्याच आहेत. घड्याळं बहुधा वापरतात ती अशी: लागोपाठच्या दोन अंतरांमधला फरक काढायचा, असे सगळे फरक घेऊन त्यांचे वर्ग करायचे, त्यांची सरासरी काढायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. निघतो तो एकच आकडा. फरक कशामुळे पडला हे त्या आकड्यात कुठेच नसतं. सगळी मेख इथे आहे.

समजा एक निरोगी माणूस संथ श्वास घेतोय. एका श्वासात त्याच्या ठोक्यांमधली अंतरं अशी पडतात: 900, 870, 820, 770, 740, 740, 770, 820, 870, 910, 930, 920. बेरीज केली तर दहा सेकंद होतात, म्हणजे एक पूर्ण श्वास. श्वास आत जाताना ठोके जवळजवळ आले, बाहेर जाताना लांब गेले. कागदावर काढलं तर सुरेख लाट दिसते. वरचा हिशेब लावला तर आकडा येतो 37 च्या आसपास.

आता दुसरा माणूस घ्या. त्याची अंतरं: 620, 940, 710, 1080, 560. यात लाट नाही, क्रम नाही, श्वासाशी काही देणंघेणं नाही. हिशेब तोच लावा, आकडा येतो 375. मेसेजच्या न्यायाने हा पहिल्यापेक्षा दसपट जवान! प्रत्यक्षात ही एट्रियल फिब्रिलेशनची नाडी आहे. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात, तिथे रक्त साचून गाठ होते, आणि ती गाठ सुटून मेंदूत गेली की लकवा. फ्रॅमिंगहॅमच्या जुन्या अभ्यासात अशा लोकांना लकव्याचा धोका सुमारे पाचपट दिसला होता. त्यावर रक्त पातळ करायची गोळी असते, पण ती सुरू व्हायला आधी कुणीतरी ईसीजीची पट्टी काढायला हवी.

मामांना मी गाडीवर बसवून आणलं. त्यांच्या घड्याळात आकडा शंभराच्या बराच वर. मनगटावर बोटं ठेवली आणि दहाबारा ठोक्यांतच कळलं की इथे लाट नाही. ईसीजी काढला, तेच निघालं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. चांगली उपकरणं असे वेडेवाकडे ठोके वगळतात किंवा इशारा देतात, हे मान्य. मामांच्या घड्याळाने हिरवा बदाम दाखवला होता. आणि हा रोग नसला तरी मध्येच पडणारे जादा ठोके किंवा हात हलल्यामुळे चुकलेलं वाचन, एवढ्यानेही आकडा फुगतो. म्हातारपणी आकडा अचानक मोठा झाला तर पेढे वाटू नका, आधी पट्टी काढा.

आता घड्याळाशिवाय प्राणायाम वाया जातो म्हणे. ही लाट माणसाला सापडली कधी? कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने 1847 मध्ये ती नोंदवली, तेव्हा कुणाच्या मनगटावर काय होतं? व्हेगस नावाची नस हृदयाला संथ ठेवते. श्वास आत घेताना तिचा जोर कमी होतो आणि ठोके वाढतात, सोडताना जोर परत येतो आणि ठोके मंदावतात. हे नेहमीच चालू असतं, पण मिनिटाला पंधरा श्वास घेताना ही लाट लहान राहते. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आणला की ती एकदम मोठी होते. याचं कारण मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांत आहे. तिथे रक्तदाब ओळखणारे संवेदक असतात. दाब वाढला की ते हृदयाला मंद करतात, उतरला की जलद. पण ठोके बदलल्यापासून दाब बदलायला सुमारे पाच सेकंद जातात. पाच जाताना, पाच येताना, असा या चक्राचा स्वतःचा वेग दहा सेकंदांचा आहे. आखाजीला झोका देणारी पोरगी जशी झोका मागे येऊन थांबला की नेमकी तेव्हाच ढकलते, तसा दहा सेकंदांचा श्वास या चक्राला नेमक्या वेळी ढकलतो. जोर जास्त लागत नाही, झोका मात्र उंच जातो.

याचा चांगला पुरावा डिसेंबर 2001 च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आहे. बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी इटलीत 23 निरोगी माणसांकडून लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे' हा मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहावर आला, लाट मोठी झाली आणि दाब सांभाळणारं ते चक्र जास्त तत्पर झालं. यंत्रं संशोधकांना मोजायला लागली, म्हणणाऱ्यांना नाही. आपल्याकडे हरिपाठ म्हणणाऱ्या बायाबापड्यांनीही एक ओळ एका श्वासात सावकाश म्हटली तर तेच होईल. टाळ कुटत द्रुत लयीत म्हटलं तर नाही, कारण काम श्वासाच्या वेगाचं आहे.

घरी करून बघायचं तर सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ पुरे. पाठ टेकवून बसा. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या घडीखाली दुसऱ्या हाताची दोन बोटं हलकी ठेवा. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. दोनतीन मिनिटांत बोटांना कळतं: आत घेताना ठोके एकामागे एक घाईने येतात, सोडताना अंतर लांबतं. हाच बायोफीडबॅक, शरीरात चाललेलं शरीराच्या मालकाला कळणं, एवढाच त्याचा अर्थ. लाट अगदीच जाणवली नाही तर घाबरू नका. वय वाढलं की ती लहान होते, आणि जुन्या मधुमेहात नसा खराब झाल्या असतील तर फारच लहान. पण ठोके श्वासाशी काही नातं न ठेवता कसेही पडत असतील तर दवाखाना गाठा.

मेसेजच्या श्वासाच्या सल्ल्यातही गोम आहे. संथ श्वास म्हणजे छाती फुगवून घेतलेला श्वास नाही. वेग कमी करायचा, हवा लागेल तेवढीच घ्यायची. लोक भाता मारल्यासारखं ओढतात, मग रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. हे 'ऊर्जा जागृत होणं' नव्हे. तिथल्या तिथे थांबून साधा श्वास घ्या.

लाल स्ट्रेस मीटरवर तर मला हसूच आलं. अनेक उपकरणं हृदयाची लय दोन पट्ट्यांत विभागतात, एक सावकाश चढउतारांचा, एक झटपट. 1996 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत सावकाश पट्टा 0.04 ते 0.15 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढे चढउतार, धरला आहे आणि झटपट 0.15 ते 0.4. कुणीतरी सोपं करून टाकलं की सावकाश पट्टा म्हणजे ताण आणि झटपट म्हणजे आराम. आता मिनिटाला सहा श्वास म्हणजे किती? 0.1 हर्ट्झ. म्हणजे शांत बसून श्वास संथ केला की सगळी लाट उचलून 'ताणा'च्या पट्ट्यात जाते आणि मीटर लाल होतो. श्वास जितका बरोबर, तितका मीटर लाल! पुढे बिचारा माणूस घाबरून श्वास जलद करतो आणि मीटर हिरवा होतो. अशा यंत्राला ताण ओळखणारं म्हणायचं?

अर्धसत्य आहे ते कबूल करतो. छातीच्या पट्ट्यासारखं नीट मोजणारं साधन असेल तर प्रत्येकाचा नेमका वेग शोधता येतो. मिनिटाला साडेसहा, सहा, साडेपाच, पाच, साडेचार अशा वेगांनी दोनदोन मिनिटं श्वास घ्यायचा आणि लाट कुठे सर्वांत मोठी होते ते बघायचं. प्रशिक्षित माणसाजवळ शिकणाऱ्याला, किंवा मन लागत नाही म्हणून पडद्यावर लाट बघायला आवडते त्याला, याचा उपयोग होतो. पण यातल्या सर्वांत जलद आणि सर्वांत संथ वेगातला फरकही एका श्वासामागे चारेक सेकंदांचाच आहे. त्यासाठी केळीच्या पट्टीतले पैसे घालवायची गरज नाही. आणि सराव चालू असताना आकडा वाढतो तो त्या श्वासामुळे. तुलना करायची तर रोज सकाळी उठल्यावर, नेहमीच्या श्वासात, स्वतःच्याच कालच्या आकड्याशी.

राहिली बीपीची गोळी. संथ श्वासाने काहींचा दाब थोडा उतरतो, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2013 मध्ये उपकरणाच्या तालावर घेतलेल्या संथ श्वासाला उपचाराची जोड म्हणून जागा दिली होती. जोड म्हणून, गोळीच्या बदल्यात नाही. 21 दिवसांचा आकडा कुठून आणला ते पाठवणाऱ्यालाच विचारा. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ती एकदम सोडल्यावर नाडी आणि दाब उसळतात, हृदयाच्या रुग्णाच्या छातीत दुखू शकतं. शिवाय या गोळ्या नाडीच संथ करत असल्याने एचआरव्हीचा आकडाही बदलतो, म्हणजे गोळी घेणाऱ्याने आपला आकडा न घेणाऱ्या शेजाऱ्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. गोळी कमी करायची तर आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ दंडावरच्या बीपी मशीनने दाब लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.