ऑर्थो तीन मीटर सरकला असेल तर तक्रारपत्र लिहायचं, आणि ते असं लिहायचं

ऑर्थो म्हणजे ड्रोनच्या फोटोंपासून बनवलेला नकाशा. तो कंट्रोलवर, म्हणजे आधीच मोजून ठेवलेल्या पॉइंटवर, बसला नाही की काय करायचं, याबद्दलचा हा संदेश आधी वाचा, मग त्यातला एकेक मुद्दा तपासू:

«सर्व्हेअर मित्रांनो, ड्रोनचा ऑर्थो कंट्रोल पॉइंटवर दोन-तीन मीटर बसत नाही म्हणून लगेच तक्रारपत्र लिहू नका. ड्रोन आरटीके असेल तर पोझिशन चुकूच शकत नाही. रिपोर्टमध्ये आरएमएसई २ सेंमी आहे, गुगल अर्थवरही बरोबर बसतो, म्हणजे चूक तुमच्या जुन्या कंट्रोलमध्ये. जीपीएसला एवढा फरक चालतोच. क्यूजीआयएसमध्ये उचलून सरकवा, काम संपलं. पुन्हा उडवायला लावलं तर खर्च तुमचाच.»

आधी आरटीकेचं बघू, कारण बाकी सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. ड्रोन बेसपासून, म्हणजे जमिनीवर ट्रायपॉडवर ठेवलेल्या रिसीव्हरपासून, किती पूर्वेला, किती उत्तरेला आणि किती उंच आहे, एवढंच आरटीके सांगतं. ते मात्र दोन-तीन सेंटिमीटरच्या आत सांगतं. बेस स्वतः कुठे उभा आहे, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ज्ञात पॉइंटवर ट्रायपॉड लावून त्याचे कोऑर्डिनेट हाताने भरले, तर सगळी उड्डाणं जागेवर येतात. ट्रायपॉड शेताच्या बांधावर कुठेही लावून बेस नुसता चालू केला, तर तो उपग्रहांवरून स्वतःची अंदाजे जागा ठरवतो. ही जागा सहज एक-दोन, कधी तीन मीटर चुकते, उंचीत त्याहूनही जास्त. मग हजार फोटोंपैकी प्रत्येक फोटो तेवढाच आणि त्याच दिशेने चुकतो, आणि तरीही प्रत्येकावर आरटीके फिक्स असतो.

डीजेआयच्या ड्रोनचे मूळ फोटो हाती असतील तर हे स्वतः बघता येतं:

```
exiftool -T -RtkFlag *.JPG | sort | uniq -c
```

सगळीकडे `50` आलं तर फिक्स मिळाला होता, `34` म्हणजे फ्लोट, `16` म्हणजे आरटीके नव्हतंच. ड्रोन उडवून ऑर्थो देणारे व्हेंडर हा ५०चा आकडा पुरावा म्हणून पाठवतात. तो पुरावा आहेच, पण ड्रोन आणि बेस यांच्यातल्या अंतराचा. बेसच्या पत्त्याबद्दल तो काहीच बोलत नाही.

बॅटरी बदलताना किंवा दुसऱ्या दिवशी बेस बंद करून पुन्हा चालू केला असेल, तर प्रकरण आणखी वाईट होतं. बेसने दोन वेळा दोन वेगळ्या अंदाजे जागा धरलेल्या असतात, म्हणून एका उड्डाणाचा भाग एकीकडे सरकतो आणि दुसऱ्याचा दुसरीकडे. सीमेवर रस्त्याची कडा किंवा कंपाउंडची भिंत तुटल्यासारखी दिसते. सॉफ्टवेअर ही फूट ताणून लपवायचा प्रयत्न करतं, आणि मग मधल्या पट्ट्यात फरक कुठे एक मीटर, कुठे अडीच असा बदलत जातो.

रिपोर्टमधले दोन सेंटिमीटर कुठल्या तक्त्यातले आहेत, ते पानावर बोट ठेवून विचारायचं. रिप्रोजेक्शन एरर पिक्सेलमध्ये असते. फोटो एकमेकांशी किती जुळले एवढंच ती सांगते. कॅमेरा पोझिशनची एरर म्हणजे फोटोंच्या आरटीके नोंदी आणि गणिताने काढलेल्या जागा यांतला फरक. नोंदीच सरसकट चुकल्या असतील तर गणितही त्यांच्या मागे जातं आणि एरर छानच येते. जीसीपीची एरर तर ज्यांना धरून नकाशा ताणला त्यांचीच. उरतात चेक पॉइंट, जे गणितात घेतलेले नसतात. खरी परीक्षा तीच. पण त्यातही एक मेख आहे: व्हेंडरने ते चेक पॉइंट त्याच बेसवरून, त्याच चुकलेल्या कोऑर्डिनेटवर रोव्हर लावून मोजले असतील, तर तेही तीन मीटर सरकलेले असतात आणि ऑर्थोशी दोन सेंटिमीटरमध्ये जुळतात. रिपोर्टमध्ये खोटं काहीच नसतं, फक्त साक्षीदार आरोपीच्याच घरचा असतो.

गुगल अर्थचा मुद्दा थोडक्यात. गुगल अर्थ प्रोमध्ये जुन्या प्रतिमांची पट्टी उघडा, एखाद्या विहिरीचा कठडा धरा आणि वर्षं मागे-पुढे करा. कठडा जागचा हलत नाही, प्रतिमा हलते. कित्येक ठिकाणी ती काही मीटर उडी मारताना दिसते. त्यातल्या कुठल्या वर्षावर ऑर्थो «बरोबर बसला» हे व्हेंडरने सांगावं. दोन-तीन मीटरचा फरक चालतो तो मोबाइलच्या जीपीएसला. पाच सेंटिमीटरची वर्क ऑर्डर देऊन मोबाइलची अचूकता विकत घ्यायची नसते.

कंट्रोलवर घेतलेला संशय मात्र झटकून टाकू नये. या संदेशात एवढीच एक गोष्ट तपासण्यासारखी आहे, आणि पत्र लिहिण्याआधी ती तपासली नाही तर पत्र अंगावर उलटतं. तपासायचं म्हणजे फरकाचा आकार बघायचा. किमान सहा-सात कंट्रोल पॉइंट घ्या, सगळे जमिनीवरचे आणि साइटच्या चारही टोकांना पसरलेले. घराचं छप्पर किंवा भिंतीचा माथा नको, कारण ऑर्थोमध्ये उंच वस्तू कलू शकतात. प्रत्येकाला ऑर्थोवरचे पूर्व-उत्तर वजा कंट्रोलचे पूर्व-उत्तर काढा.

उदाहरण म्हणून सहा पॉइंट धरू. पूर्वेचा फरक १.७९ ते १.८७ मीटर, उत्तरेचा उणे २.२७ ते उणे २.३४. सरासरी पूर्वेला १.८३, दक्षिणेला २.३१, म्हणजे ऑर्थो आग्नेयेला जवळपास २.९५ मीटर सरकलेला आहे. ही सरासरी प्रत्येक पॉइंटमधून वजा केली की उरतो तो फरक साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. नकाशा आतून धडधाकट आहे, अख्खा उचलून चुकीच्या जागी ठेवलाय. ही बेस चुकल्याची खूण.

कंट्रोल दोषी असता तर आकार वेगळा दिसला असता. समजा कंट्रोल टोटल स्टेशनने जमिनीवरच्या खऱ्या अंतरात बांधलं आणि फक्त एका पॉइंटला यूटीएमचे कोऑर्डिनेट दिले. अहिल्यानगरच्या परिसरात, झोन ४३ च्या मध्यरेषेजवळ, यूटीएमचा स्केल फॅक्टर ०.९९९६ असतो, म्हणजे दर किलोमीटरला ४० सेंटिमीटर कमी. सहाशे मीटर उंचीमुळे आणखी जवळपास ९ सेंटिमीटर जातात. त्या एका पॉइंटजवळ फरक शून्य, एक किलोमीटरवर अर्धा मीटर, दोनवर एक मीटर, आणि प्रत्येक पॉइंट त्या मूळ पॉइंटकडे ओढल्यासारखा दिसेल. असं चित्र आलं तर व्हेंडरला पत्र लिहू नका, आपलं कंट्रोल दुरुस्त करा.

जुन्या कंट्रोलबद्दल आणखी एक कारण पुढे केलं जातं, भूपट्ट सरकण्याचं. कारण खरं आहे: भारतीय भूपट्ट ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो, म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या एपॉकवरचं, म्हणजे त्या काळच्या जागेचे कोऑर्डिनेट असलेलं, कंट्रोल आणि आजचा ऑर्थो यांत एक मीटरपर्यंत फरक पडू शकतो. पण तो ईशान्येला पडेल. वरच्या उदाहरणातला फरक आग्नेयेला आणि तीन मीटरचा आहे. तेवढा व्हायला साठ वर्षं लागली असती, आणि वाटेत दिशाही चुकली असती.

आकार बघूनही मन खात नसेल तर एका कंट्रोल पॉइंटवर ड्युअल फ्रीक्वेन्सी रिसीव्हर दोन तास स्टॅटिक ठेवा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्सच्या, म्हणजे कायम चालू असणाऱ्या संदर्भ स्थानकांच्या, डेटावर प्रोसेस करा. व्हेंडरच्या बेसशी काडीचाही संबंध नसलेला साक्षीदार मिळतो. फक्त निकाल आणि कंट्रोल एकाच एपॉकवर आहेत ना, ते तुलना करण्याआधी बघून घ्या.

क्यूजीआयएसमध्ये सरकवण्याने चित्र हलतं, बाकीचं काही हलत नाही. त्याच फोटोंवरून काढलेला डीएसएम, कंटूर, पॉइंट क्लाउड जिथे होते तिथेच राहतात, आणि उंचीची चूक तर ऑर्थोमध्ये दिसतच नाही. त्याहून घातक म्हणजे जिओरेफरन्सरमध्ये कंट्रोल पॉइंटवर क्लिक करून ऑर्थो ताणणं. एकदा त्या पॉइंटवर ताणला की ते पॉइंट तपासायला उरत नाहीत. फरक शून्य येणारच.

आणि खर्च? बेस चुकला असेल तर पुन्हा उडवावंच लागत नाही. बेसची कच्ची फाइल कॉर्सवर प्रोसेस करायची, खरी जागा वजा भरलेली जागा काढायची (उदाहरणात पूर्वेला उणे १.८३, उत्तरेला अधिक २.३१, शिवाय उंचीचा फरक), तो प्रत्येक फोटोच्या कोऑर्डिनेटमध्ये मिळवायचा आणि प्रोजेक्ट पहिल्यापासून चालवायचा. बेस मध्ये बंद केला असेल तर प्रत्येक सत्राचा फरक वेगळा काढायचा. काम संगणकाचं आहे. कच्ची फाइल ठेवलीच नसेल तर जीसीपी घेऊन प्रोसेस करता येतं, मात्र मग ते जीसीपी चेक पॉइंट म्हणून धरता येत नाहीत.

आता पत्र. त्यात «नकाशा हलला आहे» असं मोघम नको, आणि «तुम्ही बेस चुकीचा लावला» असा निवाडाही नको. मोजलेलं मांडा, कारण त्यांना शोधू द्या. मजकूर असा ठेवता येईल:

«वर्क ऑर्डरमधील अट: आडवी अचूकता ५ सेंमी. आपण दिलेली फाइल EPSG:32643 मध्ये आहे. सोबतच्या सहा पॉइंटवर ऑर्थो सरासरी पूर्वेला १.८३ मी. आणि दक्षिणेला २.३१ मी. सरकलेला आढळतो, सरासरी वजा केल्यावर उरणारा फरक ३.६ सेंमी (आरएमएस). कंट्रोलचा उगम, एपॉक आणि मोजणीची पद्धत सोबत जोडली आहे. कृपया पुढील गोष्टी सात दिवसांत द्याव्यात: बेसमध्ये भरलेले कोऑर्डिनेट व ते कुठून घेतले याची नोंद, प्रत्येक सत्राची बेसची कच्ची फाइल, अँटेनाची उंची व ती कुठपर्यंत मोजली, मेटाडेटा न बदललेले मूळ फोटो, पूर्ण प्रोसेसिंग रिपोर्ट व प्रोजेक्ट फाइल. त्यानंतर ऑर्थो, डीएसएम व कंटूर एकत्र पुन्हा प्रोसेस करून द्यावेत. केवळ ऑर्थो सरकवून दिलेली फाइल स्वीकारली जाणार नाही. अंतिम तपासणी आमच्याकडील स्वतंत्र पॉइंटवर होईल आणि उरलेले देयक त्यानंतर अदा केले जाईल.»

त्या शेवटच्या स्वतंत्र पॉइंटबद्दल एक काळजी घ्या. हातात बारा पॉइंट असतील तर पत्रासोबत सहाच द्या. उरलेल्या सहांचे कोऑर्डिनेट नवा ऑर्थो हाती येईपर्यंत व्हेंडरला कळता कामा नयेत, तोंडी सुद्धा नाही.