फुगे शेवटी चिकटवा!

चित्रकथेचं पान मांडायला घेतलंय? वा! मग पहिला नियम पाठ करून टाका: संवाद वाचायचे नाहीत. संवाद ही लेखकाची हौस. तुम्ही आधी सगळ्या चौकटी चित्रांनी गच्च भरून घ्या. पात्रांचे केस चौकटीच्या वरच्या रेघेला टेकले पाहिजेत, मागे वाडा, वाड्यामागे डोंगर, डोंगरावर ढग. सगळं रंगवून झालं की मग संवादांचे फुगे आणा आणि जिथे भोक दिसेल तिथे बसवा. एखादा फुगा नाकावर आला तर शेपूट कानातून काढता येते.

कोणाचा फुगा आधी आणि कोणाचा नंतर, या भानगडीत तर पडूच नका. वाचक सुज्ञ असतो. यंदा एका दिवाळी अंकाच्या बालविभागात माझी चित्रकथा आली, तेव्हा हे मला रीतसर समजावून सांगण्यात आलं. त्यातली एक चौकट अशी होती. नातू विचारतो, ‘आजोबा, तुम्ही लहानपणी शाळा बुडवायचात?’ आजोबा म्हणतात, ‘छे, मी कधीच नाही बुडवली.’ आणि मग दुसऱ्या फुग्यात, ‘शाळाच बुडायची. नदीकाठी होती ना!’ एवढाच विनोद. चित्रकारानं आजोबा डावीकडे उभे केले, चांगले उंचेपुरे, आणि नातू उजवीकडे, त्यांच्या गुडघ्याएवढा. चित्र छानच होतं. मग मांडणीकारानं आजोबांचे दोन्ही फुगे आजोबांच्या डोक्याशी, वर डावीकडे लावले आणि नातवाचा नातवाजवळ, खाली उजवीकडे. देवनागरी डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतात, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असतं. म्हणून ते पोर काय वाचतं? ‘छे, मी कधीच नाही बुडवली. शाळाच बुडायची. नदीकाठी होती ना! आजोबा, तुम्ही लहानपणी शाळा बुडवायचात?’ झाला विनोद. आजोबांना विसरभोळेपणाचा झटका आलाय आणि नातवाला ऐकू येत नाही, अशी ही कथा झाली.

अहो, आधी बोलणारा शक्यतो डावीकडे काढायचा, ही काय गुप्तविद्या आहे? बरं, काढला उजवीकडे, हरकत नाही. चौकटीचा वरचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळा ठेवला असता, तर नातवाचा फुगा आडवा, पसरट करून सगळ्यात वर घेता आला असता, त्याच्या उजव्या टोकाकडून शेपूट खाली नातवाच्या तोंडाकडे आली असती. त्याखाली डावीकडे आजोबांचा ‘छे’, आणि ‘शाळाच बुडायची’ हा फुगा त्याला बारीक मानेनं जोडून आणखी खाली उजवीकडे. फुगा बोलणाऱ्याच्या डोक्यावरच हवा असा कायदा नाही, शेपूट त्यासाठीच असते. फक्त दोन शेपट्यांनी एकमेकींना कापायचं नाही. पण आभाळच ठेवलं नव्हतं ना! तिथे ढग होते. मी तक्रार केली तर उत्तर आलं, ‘मग चित्र उलटं करू का आरशासारखं?’ करा. म्हणजे भिंतीवरची ‘शाळा’ ही पाटीही उलटी होईल आणि मागच्या चौकटीत डावीकडे बसलेले आजोबा एका उडीत उजवीकडे येतील.

असो. उपदेश पुढे चालू.

चौकटींमधल्या पट्ट्या सगळीकडे सारख्याच ठेवा. शेजारच्या दोन चौकटींमध्ये अरुंद आणि दोन ओळींमध्ये जरा रुंद पट्टी ठेवली तर डोळा आपोआप आधी आडवा जातो. त्यात कसली आलीय मजा?

डावीकडे दोन छोट्या चौकटी एकाखाली एक आणि उजवीकडे एक उभी लांबलचक चौकट, ही रचना जरूर वापरा. पहिल्या चौकटीनंतर काही वाचक खाली जातील, काही उजवीकडे, आणि घरात चर्चा होईल. लांबलचक चौकट डावीकडे ठेवली तर हा संभ्रमच राहत नाही, म्हणून ती टाळा.

फुग्याचं माप मात्र इंग्रजी चित्रकथेवरूनच घ्या. उभा, गोंडस, अंड्यासारखा. इंग्रजीत छोटे छोटे शब्द एकाखाली एक रचत गेलं की तो भरतो. मराठीत शब्द कमी असतात, पण ‘विचारल्याशिवाय’ आणि ‘सांगितल्याप्रमाणे’ असले असतात. ते उभ्या फुग्यात मावले नाहीत तर वाटेल तिथे तोडा, ‘विचारल्या’ वरच्या ओळीत आणि ‘शिवाय’ खालच्या. नाहीतर अक्षरं आडवी दाबा. फुगा रुंद आणि बुटका करणं हा पराभव आहे.

ओळींमधलं अंतरही तिकडचंच ठेवा. तिकडे सगळी मोठी लिपी, वर काही नाही, खाली काही नाही, म्हणून 10 पॉइंटच्या अक्षराला 11 पॉइंटांची ओळ पुरते. आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार. 10 पॉइंटला 14-15 द्यावे लागतात. ते देऊ नका. माझ्याच पानावर ‘हळूहळू’च्या खाली ‘मैत्रिणींनी’ आली होती. ‘ळू’चे दोन्ही उकार ‘मैत्रिणीं’च्या मात्रांवर आणि वेलांट्यांवर चढून बसले आणि ‘णीं’वरचा अनुस्वार त्या गर्दीत गडप झाला. सगळ्यात वरच्या ओळीची वेलांटी फुग्याच्या वळणाला भोसकून बाहेर आली होती, ते वेगळंच. लंबगोलात वरची आणि खालची ओळ आखूड ठेवतात, तिथे एखादा छोटा शब्दच बसवतात, हे बहुतेक मलाच वाटतं.

फुगा रिकामा दिसला तर अक्षरांमधलं अंतर वाढवा. शिरोरेघा तुटून प्रत्येक अक्षर सुटं उभं राहतं.

आणि मजकूर चिकटवल्यावर पहिली वेलांटी आपल्या अक्षराच्या आधी न बसता मागे बसली, जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त लोंबू लागले, तर घाबरू नका, ‘फॉन्टचा प्रॉब्लेम आहे’ म्हणा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेनूत `Adobe World-Ready Paragraph Composer` असं लिहिलेलं असतं, त्यावर एकदा क्लिक केलं की हे बरं होतं. पण तो मेनू उघडायला आपण काय रिकामटेकडे आहोत!

पुरे. मला आता गोड बोलवत नाही. लहान मुलांसाठी काम करता आणि मुलं काय वाचतील ते बघत नाही? चित्र काढायच्या आधी, पेन्सिलीच्या कच्च्या आराखड्यातच, संवाद खऱ्या फॉन्टमध्ये, खऱ्या मापात टाइप करून चौकटीत ठेवा. फुग्यांनी किती जागा खाल्ली ते बघा आणि मग उरलेल्या जागेत माणसं उभी करा. एका चौकटीत मजकूर मावत नसेल तर लेखकाला फोन करा, तो दोन शब्द कापेल, चौकट वाढवेल, काहीतरी करेल. गुपचूप अक्षरं 7 पॉइंटवर आणू नका. फुगे लावून झाले की चित्राकडे न बघता नुसते फुगे वरून खाली, डावीकडून उजवीकडे मोठ्यानं वाचा. प्रश्नाआधी उत्तर आलं तर कानाला लगेच कळतं, त्याला कलाशाखेची पदवी लागत नाही. आणि छापायला देण्याआधी पानाची पीडीएफ लेखकाला पाठवायला काय धाड भरते तुम्हाला?