बारा टक्के ओलावा आणि एक पुसट बरोबरचे चिन्ह

«कोडचा फोटो मिळाला की फंक्शन बघून टाइप करून घ्या. मग तीन टेस्ट लिहा: एक लहान किंमत, एक मधली, एक मोठी. (१) कव्हरेज १०० टक्के आले की एज केस संपल्या. (२) टेस्ट हिरव्या झाल्या म्हणजे टायपिंगही बरोबर आहे. (३) काही अडलेच, तर फंक्शन जे उत्तर देते तेच अपेक्षित उत्तर म्हणून लिहा.»

जळगाव-धुळ्याकडच्या प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांमध्ये हा सल्ला गेले काही महिने फिरतो आहे. त्याचे उत्तर मी माझ्याकडे आलेल्या एका फोटोवरूनच देतो, कारण या सल्ल्यातली तिन्ही विधाने त्या एकाच फोटोवर तपासून पाहता येतात.

चोपड्याकडच्या एका जिनिंगमध्ये हिशेबाचे काम पाहणाऱ्या मुलाने मला मोबाइलवर मॉनिटरचा फोटो पाठवला होता. कार्यालयातल्या संगणकाला इंटरनेट नसल्यामुळे कोड कॉपी करून पाठवण्याची सोय नव्हती. कापसाच्या गाडीचे वजन आणि ओलाव्याचे प्रमाण दिले की कपात करून निव्वळ वजन काढायचे, एवढेच त्या फंक्शनचे काम. फोटो तिरपा होता, पडद्यावर लाटांसारख्या रेघा उमटल्या होत्या आणि हातही किंचित हललेला दिसत होता. मी वाचले ते असे:

```python
def net_weight(kg, moist):
    if moist < 8:
        return kg
    if moist > 12:
        return 0
    return kg - kg * (moist - 8) // 100
```

सल्ल्याप्रमाणे २,४५० किलोच्या गाडीसाठी ५, १० आणि १५ टक्के ओलाव्याच्या तीन टेस्ट लिहिल्या. उत्तरे अनुक्रमे २,४५०, २,४०१ आणि ० आली, तिन्ही टेस्ट हिरव्या झाल्या आणि कव्हरेज खरोखरच १०० टक्के दिसले. ओळींचेही आणि फांद्यांचेही. आता या तीन टेस्टनी नेमके काय तपासले ते पाहू.

फोटोत तीन जागा मला खात्रीने वाचता आल्या नव्हत्या. पहिल्या अटीत `<` आहे की `<=`, दुसऱ्या अटीत `>` आहे की `>=`, आणि शेवटच्या ओळीत भागाकाराची रेघ एक आहे की दोन. या शंका उगाच काढलेल्या नाहीत. कोड लिहिण्यासाठी बनवलेले काही फाँट `>=` ही दोन चिन्हे जोडून एकच चिन्ह दाखवतात, आणि लहान फोटोत त्याची खालची बारीक रेघ सहज पुसली जाते. हात हलला असेल तर एका तिरप्या रेघेच्या दोन दिसतात. दोन-दोन पर्यायांच्या तीन जागा म्हणजे एकूण आठ वाचने झाली. मी आठही प्रती तयार करून त्या तीन टेस्ट प्रत्येकीवर चालवल्या. आठही प्रतींवर त्या हिरव्याच राहिल्या आणि आठही वेळा कव्हरेज १०० टक्केच आले.

याचे कारण साधे आहे. कव्हरेज फक्त कोणती ओळ चालली आणि कोणती फांदी घेतली गेली एवढेच मोजते. ती फांदी कोणत्या आकड्यापाशी फुटते हे ते पाहत नाही. ५, १० आणि १५ हे तिन्ही आकडे कुंपणापासून दूर, शेताच्या मधोमध उभे आहेत. १० टक्क्यांवर तर भागाकारही नि:शेष जातो: २,४५० गुणिले २ म्हणजे ४,९००, त्याला १०० ने भागले की ४९. एक रेघ असली तर पायथन ४९.० देतो, दोन असल्या तर ४९ देतो, आणि तुलनेत दोन्ही समान ठरतात. सल्ला देणाऱ्याने निवडलेली ‘मधली’ किंमत ज्या शंकेचे उत्तर देऊ शकत नाही, नेमकी तीच शंका फोटोने उभी केली होती.

म्हणून फोटोवरून टेस्ट लिहिताना दोन वाचने कोणत्या आकड्यावर वेगळी उत्तरे देतील, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. ८ टक्क्यांवर काय होते ते पाहिले तर एक गमतीची गोष्ट आढळते. `<` असो वा `<=`, उत्तर २,४५० च येते, कारण ८ वजा ८ शून्य आणि कपातही शून्य. म्हणजे या जागेची शंका निरुपद्रवी आहे आणि कोणतीही टेस्ट तिचा निकाल लावू शकत नाही. हे एकदा समजले की त्या चिन्हावर डोळे फोडून घेण्याची गरज उरत नाही.

१२ टक्क्यांची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. `>` असेल तर चार टक्के कपात होऊन, म्हणजे ९८ किलो वजा होऊन, २,३५२ किलो मिळतात. `>=` असेल तर शून्य. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने एका पुसट रेघेची किंमत एका गाडीमागे १,९०,७४७ रुपये होते.

भागाकाराच्या शंकेसाठी ९.५ टक्के घेतले. दीड टक्क्याची कपात ३६.७५ किलो होते. दोन रेघा असतील तर ३६ किलो कापले जाऊन २,४१४ उरतात, एक असेल तर २,४१३.२५. इथे दोन वाचने वेगळी पडतात, आणि टेस्टला अर्थ येतो.

पण यांपैकी बरोबर उत्तर कोणते? सल्ल्यातले तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते ते इथे. फंक्शन चालवून आलेले उत्तर टेस्टमध्ये अपेक्षित म्हणून लिहिले, तर मी टाइप केलेला कोड मी टाइप केलेल्या कोडशी जुळतो एवढेच सिद्ध होते. जुना कोड बदलताना त्याचे आजचे वागणे नोंदवून ठेवण्यासाठी अशा टेस्ट लिहितात, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी मूळ कोड हातात असावा लागतो, त्याचा फोटो पुरत नाही. अपेक्षित उत्तर कोडच्या बाहेरून, नियमातून आले पाहिजे. मी त्या मुलाला काट्यावर बसणाऱ्या काकांना विचारून यायला सांगितले. काकांचे उत्तर त्याने जसेच्या तसे सांगितले: “बाराले घेतस, बाराना वर गयं का नही.” म्हणजे बाराला गाडी घेतात, बाराच्या वर गेले की घेत नाहीत. कपातीतला अपूर्ण किलो शेतकऱ्याला सोडून देतात, हेही त्यांच्याकडूनच कळले. या दोन वाक्यांनी १२ आणि ९.५ या दोन्ही टेस्टची उत्तरे ठरली.

त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट कळली. मीटर एका दशांशापर्यंत आकडा दाखवते. म्हणून मी १,००० किलो आणि ८.१ टक्के अशी टेस्ट घातली. नियमाने ०.१ टक्का कपात, म्हणजे बरोबर १ किलो वजा होऊन ९९९ उरायला हवेत.

```python
import pytest

@pytest.mark.parametrize("kg, moist, want", [
    (2450, 8, 2450),
    (2450, 12, 2352),
    (2450, 12.1, 0),
    (2450, 9.5, 2414),
    (1000, 8.1, 999),
])
def test_net_weight(kg, moist, want):
    assert net_weight(kg, moist) == want
```

पहिल्या चार हिरव्या झाल्या, पाचवी लाल. फंक्शनने १,००० दिले, कपात झालीच नाही. ८.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका बसत नाही, तो किंचित कमी साठवला जातो. त्यामुळे `8.1 - 8` चे उत्तर `0.09999999999999964` येते, हजाराने गुणल्यावर ते शंभराला जरासे कमी पडते, आणि दोन रेघांचा भागाकार खाली उतरवून शून्य देतो. ही चूक माझ्या टायपिंगची नव्हे. दोन रेघांचे वाचन खरे असेल, तर ती मूळ कोडमध्येही असणारच. तिसरे विधान पाळले असते तर मी ९९९ खोडून १,००० लिहिले असते आणि चूक कायमची झाकली गेली असती. उपाय अवघड नाही: ओलावा दशांशांत, पूर्णांक करून घ्यायचा.

```python
    tenths = round(moist * 10)
    return kg - kg * (tenths - 80) // 1000
```

रिकाम्या नोंदीचेही पाहून ठेवावे. नोंदींची फाइल `pandas` ने वाचली तर ओलाव्याचा रिकामा रकाना `nan` होतो. `nan` ची ८ शी किंवा १२ शी केलेल्या दोन्ही तुलना खोट्या ठरतात, त्यामुळे दुरुस्तीआधीच्या फंक्शनमध्ये तो दोन्ही अटींतून गुपचूप निसटतो आणि निव्वळ वजनही `nan` होऊन पावतीपर्यंत पोहोचते. तिथे फंक्शनने चूक कळवून थांबायला हवे की नाही हे हिशेब ठेवणाऱ्याने ठरवायचे असते. ते ठरले की टेस्ट `pytest.raises(ValueError)` ने लिहिता येते.

आता दुसरे विधान. काही चुका टेस्ट पकडते, हे खरे आहे. मोबाइलने फोटोतला मजकूर उचलताना शेवटची ओळ एक पायरी आत ढकलली, तर ती `return 0` च्या खाली जाते, कधीच चालत नाही, आणि ८ ते १२ दरम्यान फंक्शन `None` देते. १० टक्क्यांची साधी टेस्टही तिथे लाल होते. पण टेस्ट चालते ती माझ्या संगणकावरच्या माझ्या प्रतीवर. फोटोच्या चौकटीबाहेर, फंक्शनच्या वर किंवा उजवीकडे कापल्या गेलेल्या भागात काय आहे, याविषयी ती काहीच सांगू शकत नाही. म्हणून मी त्या मुलाकडे वरच्या-खालच्या पाच-पाच ओळी आणि डावीकडचे ओळींचे क्रमांक दिसतील असा सरळ धरून काढलेला दुसरा फोटो मागितला. सोबत टेस्टची फाइलही दिली, ती पेनड्राइव्हने कार्यालयात नेऊन मूळ कोडवर चालवण्यासाठी.

दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. मूळ कोडवर पाचपैकी दोन टेस्ट लाल झाल्या होत्या. ८.१ ची अपेक्षित होती. दुसरी १२ ची होती: फाइलमध्ये `>=` लिहिलेले होते. माझ्या डोळ्यांना न दिसलेली रेघ तिथे होती, आणि बरोबर बारा टक्क्यांच्या गाड्यांचे निव्वळ वजन ते फंक्शन शून्य काढत होते. अशा पावत्या काका काट्यावर हाताने दुरुस्त करून देत असत, असे त्याने पुढे लिहिले होते.