गाळा आखताना आधी सोफा नको, घाणेरडा ट्रे बघा

नवीन दवाखान्याचा गाळा घेतला की पहिली चर्चा होते वेटिंगच्या सोफ्याची आणि फॉल्स सीलिंगची. मीही तेच केलं होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या माझ्या पहिल्या डेंटल क्लिनिकमध्ये वेटिंगला झुंबरवजा दिवा होता आणि हत्यारं वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह होता टॉयलेटबाहेरच्या बोळात, एका चार फुटी ओट्यावर. सिंक एकच. तिथेच मी हात धुणार, तिथेच ताई वापरलेले फोरसेप्स घासणार आणि शेजारी निर्जंतुक झालेली पाकिटं निवत ठेवणार.

एका संध्याकाळी दात काढायचा होता म्हणून स्वच्छ ट्रेमधलं पाकीट उचललं, तर त्याच्या टेपवर काळे पट्टे उमटलेलेच नव्हते. म्हणजे ते मशीनमध्ये गेलंच नव्हतं. फाडायच्या आत लक्षात आलं म्हणून बरं. ताईला मी रागावले, पण रात्री विचार केला तर चूक ओट्याची होती. आत जायची पाकिटं आणि बाहेर आलेली पाकिटं यांच्यात वीतभर अंतर, गर्दी सात पेशंटची. कुणाचीही गफलत होणार. (काळे पट्टे उमटले म्हणजे पाकीट निर्जंतुक झालंच असंही नाही. ते उष्णतेतून गेलं एवढंच टेप सांगते. जंतू खरंच मेले का हे स्पोअर टेस्टनेच कळतं.)

नवा गाळा १५ बाय ३० फुटांचा, म्हणजे साडेचारशे स्क्वेअर फूट. या वेळी नकाशाच्या झेरॉक्सवर तीन पेनं घेऊन बसले. निळ्याने पेशंटची वाट, लालने वापरलेल्या ट्रेची, हिरव्याने स्वच्छ पाकिटाची. डिझायनरने आणलेल्या पहिल्या प्लॅनमध्ये लाल रेघ निळीला तीनदा कापत होती. कारण स्टराइल रूम त्याने रिसेप्शनच्या मागे टाकली होती. ‘काचेतून मशीन दिसलं की इम्प्रेशन पडतं मॅडम!’ रक्ताळलेला ट्रे रांगेसमोरून नेताना काय इम्प्रेशन पडलं असतं ते सांगायला नको.

शेवटी ठरलं ते असं. पुढचे ९ फूट वेटिंग. दार उजवीकडे, त्याच रेषेत आत जाणारा ४ फुटांचा पॅसेज आणि त्याच्या तोंडाशी रिसेप्शन. खुर्च्या सगळ्या डावीकडे. त्यामुळे तोंडात कापूस धरून बाहेर येणारा माणूस पैसे देऊन सरळ दाराबाहेर पडतो, बसलेल्यांच्या पायांतून वाट काढत नाही. त्यामागे १० फूट खोल कन्सल्टिंग. डेंटल चेअर आतल्या बाजूला, बोलायचं टेबल दाराजवळ. नवा पेशंट आधी साध्या खुर्चीवर बसून बोलतो, आडवा झाल्यावर नव्हे. त्याच्याही मागे ६ फुटांची स्टराइल रूम आणि शेवटचे ५ फूट टॉयलेट आणि कॉम्प्रेसरला.

स्टराइल रूमला पॅसेजमधून दारच ठेवलं नाही. ट्रे कन्सल्टिंगमधूनच थेट उजव्या टोकाच्या दाराने आत येतो. मागच्या भिंतीला सलग ओटा. उजवीकडे खोल सिंक, मग हत्यारं साफ करणारं अल्ट्रासोनिक मशीन, मग पुसून वाळवायची जागा, मग पॅकिंग, मग ऑटोक्लेव्ह, आणि डाव्या टोकाला निवायला मोकळी दोन फूट जागा. सगळं उजवीकडून डावीकडे, उलटं काहीच नाही. निवलेली पाकिटं दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीतल्या कपाटात जातात. त्याला दोन्हीकडून दारं आहेत. ताई तिकडून भरते, मी इकडून काढते. हात धुवायचं बेसिन वेगळं, कन्सल्टिंगमध्ये.

त्या मोकळ्या दोन फुटांवरून सुताराशी भांडण झालं. त्याला तिथे ड्रॉवर हवे होते. पण गरम, दमट पाकिटं एकावर एक रचली की ओल्या कागदातून बाहेरचे जंतू आत शिरतात, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. ऑटोक्लेव्हच्या वर कपाटही करू देऊ नका. जुन्या क्लिनिकमध्ये वाफेने सहा महिन्यांत सनमायका सुटून प्लाय पापडासारखा फुगला होता. आता तिथे एक्झॉस्ट आहे.

सिंक टॉयलेटच्या भिंतीला लागून असल्याने ड्रेनेजचा खर्चही वाचला.

तोटेही सांगते. वेटिंगमध्ये सहाच खुर्च्या बसल्या, त्यामुळे अपॉइंटमेंट काटेकोर द्याव्या लागतात. आणि जागा कितीही नीट आखली तरी धुण्यापासून निवेपर्यंत एका खेपेला दीड तास जातोच. संध्याकाळी सहा ते नऊमध्ये आठ पेशंट आणि तपासणीचे सेट पाच, हे गणित कुठल्याच नकाशात बसत नाही. झुंबराचे पैसे या वेळी जादा सेटमध्ये गेले.