चौथी नळी दाखवा, नाहीतर तिचे पैसे परत करा

क्लिनिकच्या व्यवस्थापकांस,

माझ्या खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचं, म्हणजे तुमच्या कागदावर ३६ क्रमांक लिहिलेल्या दाताचं, रूट कॅनाल तुमच्याकडे झालं. सुरुवातीला डॉक्टरांनी अंदाजपत्रक लिहून दिलं होतं. त्यात रूट कॅनाल, वरचं पक्कं फिलिंग आणि कॅप एवढंच होतं, आणि खाली त्यांच्याच अक्षरात ‘एकूण’ लिहिलं होतं. शेवटच्या दिवशी हातात जे बिल आलं ते त्याच्या अडीचपट होतं. अडीचपट! आणि ते कधी दाखवलंत? कॅप तयार होऊन ट्रेमध्ये ठेवलेली, दाढ घासून लहान केलेली आणि वर नुसतं तात्पुरतं सिमेंट, अशा अवस्थेत मी खुर्चीवर बसले होते तेव्हा. ‘आधी काउंटरवर पेमेंट करून या, मग कॅप बसवू,’ असं मला सांगण्यात आलं. अशा वेळी माणूस उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी पैसे भरले. बिल मान्य होतं म्हणून नव्हे, तर तशी दाढ घेऊन घरी जाता येत नव्हतं म्हणून.

काउंटरवरच्या बाईंना विचारलं, एवढं कसं वाढलं? त्या म्हणाल्या, ‘चार कॅनाल निघाले, पोस्ट टाकावा लागला, सिस्टीममध्ये तसंच आहे.’ मग डॉक्टरांना विचारायला गेले, तर ते दुसऱ्या पेशंटमध्ये. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ‘कळवतो’. तीन आठवडे झाले, कोणीही कळवलेलं नाही. म्हणून आता लेखी विचारते आहे, आणि उत्तरही मला लेखीच हवं आहे.

आधी ती चौथी नळी, म्हणजे तो चौथा कॅनाल. या दाढेला साधारणपणे दोन मुळं असतात आणि आत तीन नळ्या, पुढच्या मुळात दोन आणि मागच्यात एक. काही जणांना मागच्या मुळातही दोन निघतात, म्हणजे चार होतात, हे मला मान्य आहे. चौथी सापडली असती आणि तुम्ही त्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी एक शब्द बोलले नसते. पण दुसऱ्या सिटिंगला ओठाला वायर अडकवून ते बीप वाजणारं मशीन लावलं होतं, तेव्हा मी शुद्धीत होते. भूल हिरडीला दिली होती, कानाला नाही. डॉक्टर प्रत्येक नळीची लांबी असिस्टंटला लिहून घ्यायला सांगत होते: एकोणीस, साडेएकोणीस, वीस. तीन आकडे. चौथा आकडा त्या दिवशी आला नाही आणि पुढच्या सिटिंगलाही आला नाही.

माझ्या कानावर विश्वास ठेवू नका, हरकत नाही. मी दुसऱ्या दंतवैद्यांकडे जाऊन दोन एक्स-रे काढून घेतले, एक सरळ आणि एक तिरका. तिरका मुद्दाम, कारण सरळ चित्रात एकाच मुळातल्या दोन नळ्या एकमेकींच्या मागे लपतात आणि एकच दिसते. तिरक्या चित्रात त्या सुट्या होतात. साफ केलेल्या नळीत गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरतात, त्याच्या पांढऱ्या रेघा त्यातही तीनच आहेत. पुढच्या मुळात दोन, मागच्यात एक, तीही मुळाच्या अगदी मधोमध. चौथी नळी होती आणि तुम्ही ती भरली, तर तिची लांबी तुमच्या केसपेपरवर मिलिमीटरमध्ये लिहिलेली असणारच, कारण लांबी मोजल्याशिवाय नळी साफ करता येत नाही आणि भरताही येत नाही. ती नोंद मला दाखवा. आणि नळी होती पण भरली नाही असं असेल, तर ते जास्त गंभीर आहे. मग पैशांचा प्रश्न बाजूला राहतो आणि माझ्या दाढेत जंतू राहिलेत का, हा प्रश्न उभा राहतो.

पोस्टचं तर मला अजिबात समजत नाही. दाताचा वरचा भाग फारच कमी उरला असेल तर आधारासाठी नळीत दांडी बसवतात, तो पोस्ट. त्यासाठी नळीत वरून भरलेला गटापर्चा काढावा लागतो आणि टोकाशी चार-पाच मिलिमीटर तेवढा ठेवतात. म्हणजे नंतरच्या एक्स-रेमध्ये गटापर्चा मुळाच्या खालच्या टोकाशीच दिसायला हवा आणि त्याच्या वर दांडी. माझ्या ताज्या एक्स-रेमध्ये तिन्ही नळ्यांत गटापर्चा थेट नळीच्या वरच्या तोंडापर्यंत भरलेला आहे. मग दांडी बसली कुठे? तुमच्याच डॉक्टरांनी पहिल्या दिवशी आरसा धरून मला दाखवलं होतं की कीड एका बाजूला आहे, तीन भिंती चांगल्या आहेत. तीन भिंती शाबूत असलेल्या दाढेला पोस्ट का लागला, हे मला कोणीतरी समजावून सांगावं. न बसवलेल्या वस्तूचे पैसे घेतले असतील, तर त्याला चूक म्हणायचं की काय म्हणायचं, हे तुमचं उत्तर आल्यावर ठरवीन.

एक्स-रे सात लावले आहेत. सुरुवातीचा एक, लांबी बघायला एक, भरण्याआधी एक, भरल्यावर एक, हे चार मला पटतात. उरलेले तीन पुन्हा का काढले ते मला ठाऊक आहे, कारण मीच ते सेन्सर तोंडात धरून बसले होते. नवीन असिस्टंटकडून सेन्सर सरकायचा आणि मुळाचं टोक चित्रात यायचंच नाही. त्या मुलीवर माझा राग नाही, ती शिकते आहे. पण तिच्या शिकण्याचा खर्च माझ्या बिलात का?

आणि तपासणी फी चार वेळा! त्यातली एक ज्या दिवसाची आहे त्या दिवशी डॉक्टर आलेच नव्हते. मी अर्धा दिवस रजा टाकून आले, पाऊण तास बसले आणि ‘पुढची तारीख घ्या’ ऐकून परत गेले. ज्या दिवशी मला कोणी तपासलंच नाही, त्या दिवसाची फी लावताना तुमच्याकडे कोणी अपॉइंटमेंटची वही उघडून बघितली नाही का? हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. रक्कम यातली सगळ्यात लहान आहे, पण सगळ्यात जास्त लागली तीच.

मला फुकट उपचार नको आहेत. दुखणं थांबलं, काम करणाऱ्या हातांबद्दल माझी तक्रार नाही. मला तारीखवार बिल हवं आहे, कोणत्या सिटिंगला काय केलं आणि त्याचे किती. केसपेपरची प्रत हवी आहे, नळ्यांच्या लांबीच्या नोंदीसकट. माझे सगळे एक्स-रे हवे आहेत, रद्द केलेलेसुद्धा. चौथी नळी आणि पोस्ट तुम्ही दाखवू शकलात तर त्यांचे पैसे मी सोडून देईन. दाखवू शकला नाहीत तर ते दोन्ही, तीन जादा एक्स-रे आणि त्या न झालेल्या तपासणीची फी परत करा.

अंदाजपत्रक, बिल, पैसे भरल्याची पावती आणि दोन्ही नवे एक्स-रे यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर हेच पत्र, याच कागदांसह, ग्राहक तक्रारीसाठी पाठवणार आहे.

आपली,
३६ क्रमांकाच्या दाढेची पेशंट