मामाच्या गोळ्या बंद करायला लावणाऱ्या मेसेजला

"हृदय पंचवीस टक्क्यांवर आलं म्हणजे स्नायू मेले, ते परत येत नाहीत. धडधड कमजोरीमुळे होते. नाडी कमी करणाऱ्या गोळ्या हृदयाला आणखी झोपवतात. त्या बंद करा, अर्जुनसालीचा काढा घ्या."

हा मेसेज आमच्या मामीच्या फोनवर आला आणि तिने मामाच्या गोळ्या नऊ दिवस डब्यातच ठेवल्या. "आता त् बरं वाटते, मंग गोया कायले?" मी नर्स आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्याच गावात राहते, आणि मला याचा संताप आला.

स्नायू मेल्याचं आधी बघू. कापूस वेचणीच्या दिवसांत मामाला चार पावलांत धाप लागायची. मनगटावर नाडी १०४ लागली, छातीला स्टेथो लावून मोजली तर १४२. अनियमित धडधडीत कित्येक ठोके इतके अपुरे पडतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून नुसत्या मनगटावर फसगत होते. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हीच अनियमित धडधड, निघालं, इकोत हृदयाचं पंपिंग २५ टक्के. नागपूरला अँजिओग्राफीत नळ्या मोकळ्या होत्या. महिनोन्‌महिने असं धावणाऱ्या हृदयाला ठोक्यांच्या मधे भरायला वेळ मिळत नाही, ते थकतं आणि फुगतं. पण हार्ट अटॅकसारखा स्नायूचा तुकडा मेलेला नसतो. ठोके आवरणारं मेटोप्रोलॉल थोड्या मात्रेपासून चढवत नेलं, जोडीला डिगॉक्सिन आणि गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी. पाच महिन्यांनी इकोत ५० टक्के! मेलेला स्नायू असा परतला असता का? आधी धडधड की आधी कमजोरी, हे पहिल्या दिवशी कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. ठोके आवरल्यावर पंपिंग सुधारलं, तेव्हाच ते कळतं.

झोपवण्याच्या गोष्टीत अर्धं खरं आहे, तेही मान्य करते. पायाला सूज आणि छातीत पाणी असताना मेटोप्रोलॉलची हीच गोळी एकदम मोठ्या मात्रेत दिली तर बीपी पडतो, धाप वाढते. म्हणूनच ती हळूहळू चढवतात. चक्कर आली, नाडी ५० च्या खाली गेली, तर डॉक्टरांना विचारून मात्रा बदलायची. आणि अटॅकचा डाग असेल तर पंपिंग एवढं परतेलच असंही नाही.

काढ्याने एट्रियल फिब्रिलेशनचे ठोके आवरत नाहीत.

खरा घात "बंद करा" या दोन शब्दांत आहे. २००४ साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात अशाच २४ रुग्णांचा अभ्यास आला. ठोके आवरल्यावर सहा महिन्यांत त्यांचं पंपिंग सुधारलं. पण पाच जणांची धडधड परतली आणि ज्या हृदयाला पहिल्यांदा ढासळायला वर्षं लागली होती, ते या वेळी सहा महिन्यांच्या आत ढासळलं. २४ पैकी तिघं अचानक गेले. इकोत आकडा चांगला दिसला तरी आत नाजूकपणा उरतो, असा त्याचा अर्थ.

नवव्या दिवशी मामाचे ठोके स्टेथोने १२८ भरले. डॉक्टरांना फोन लावून त्यांनी सांगितलेल्या मात्रेने गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आता मामी रोज सकाळी चहाआधी छातीला स्टेथो लावून पूर्ण एक मिनिट मोजते आणि कॅलेंडरवर लिहून ठेवते. काल ८४ होते.