‘तरी कृपया’ वर घ्या

शाळेत शिकलेला रजेचा अर्ज आठवा. आधी कारणं, मग आणखी कारणं आणि सगळ्यात शेवटी “तरी कृपया रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती”. कागदावर ते चालायचं, कारण मागणं वर विषयातच असायचं: “दोन दिवसांची रजा मिळणेबाबत”. मेलमध्ये आपण शेवटचा ‘तरी’ तसाच ठेवला आणि विषयात मात्र “महत्त्वाचे” लिहायला लागलो.

आमच्या भांडुपच्या सोसायटीचंच घ्या. सेक्रेटरींनी कमिटीला मेल टाकला, विषय “गच्चीबाबत”. पहिला परिच्छेद गेल्या पावसात कुठे ओल आली त्याचा, जे सगळ्यांना पाठ आहे. मग कंत्राटदार कधी येऊन गेले, मग तीन कोटेशनांची तुलना. तळाला “तरी वरील कामासाठी सर्वांनी आपले मत लवकरात लवकर कळवावे”. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून मेल उघडणाऱ्याला पहिल्या चार ओळी दिसतात. त्याला वाटतं, माहितीसाठी आहे, रात्री बघू. पण एकदा उघडलेला मेल ‘न वाचलेल्यां’त उरत नाही. उत्तरं आली ती अशी: एकाचं “छान काम”, दुसऱ्याचा लिफ्टबद्दल प्रश्न. कोटेशन तसंच.

तोच मेल असा हवा होता:

विषय: गच्चीचं वॉटरप्रूफिंग – शुक्रवार, 15 मेपर्यंत हो/नाही कळवा
“दुसरं कोटेशन मंजूर करायचं का, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ‘हो’ किंवा ‘नाही’ असं कळवा. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनला येतो. त्याआधी काम संपवून गच्चीत पाणी साठवून गळती तपासायची आहे.”

खाली दुसरंच कोटेशन का, ते दोन वाक्यांत. ओलीचा इतिहास सगळ्यात शेवटी. ज्याला हवा तो वाचेल.

नुसता शेवटचा परिच्छेद उचलून वर चिकटवला तर मात्र फसतं. ‘तरी’, ‘वरील’, ‘सदर’ हे शब्द आता हवेत लटकतात, कारण त्यांच्या वर काहीच नाही. तिथे कामाचं पूर्ण नाव लिहावं लागतं. “मत कळवावे” हेही मागणं नव्हे. मत कशावर, तेच कळत नाही. अनेकदा मागणं तळाशी जातं, कारण लिहिणाऱ्याचंच लिहिता लिहिता ठरत असतं. तसा कच्चा मसुदा खुशाल लिहा, पाठवताना उलटा करा.

“उत्तर नाही आलं तर होकार समजू” ही ओळ मीटिंगच्या वेळेसाठी ठीक आहे. सोसायटीच्या पैशांसाठी नाही, तिथे ठराव लागतोच. आणि अनोळखी माणसाकडे काही मागताना आधी एका वाक्यात आपण कोण ते सांगा. एकाच वाक्यात.